पाच मार्च की तीन मे? उलट्या झालेल्या तारखा शोधताना

आजचा विषय ऐकायला एकदम फालतू वाटेल, तारखेतला दिवस आणि महिना. पण या दोन आकड्यांनी माझे तीन आठवडे खाल्लेत आणि एका आजींचे पैसे कापलेत, म्हणून आज त्याच्यावरच बोलतो. आकडे थोडे येतील. बस किंवा लोकलमध्ये ऐकत असाल तर लक्षात नाही राहिले तरी चालेल, कोड आणि तक्ता खाली लेखी दिलाय.

मी तेव्हा नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. आमची कंपनी छोटी, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायची. एका तालुक्याच्या गावातली पतसंस्था जुन्या सॉफ्टवेअरवरून आमच्याकडे आली. त्यांच्या मुदत ठेवी, म्हणजे साध्या भाषेत एफडी, जुन्यातून काढून नव्यात टाकायचं काम माझ्याकडे आलं. एकूण २,८४० ठेवी. प्रत्येक ओळीत पावती नंबर, नाव, रक्कम, ठेवीची तारीख, मुदत किती महिन्यांची, आणि मुदत संपायची तारीख. ९ जून २०२१ ला इम्पोर्ट झालं, एकही एरर न येता. मी खूश होऊन घरी गेलो.

मार्च २०२२ मध्ये, सात तारखेला, एक आजी पावती घेऊन काउंटरवर आल्या. बारा महिन्यांची ठेव, पावतीवर पेनने लिहिलेलं ५/३/२०२१. म्हणजे मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली. कॉम्प्युटर म्हणतोय ३ मे २०२२. काउंटरवरचा मुलगा नवीन होता, त्याने कॉम्प्युटरचं ऐकलं. "आजी, अजून दोन महिने आहेत, आत्ता मोडली तर व्याज कमी मिळेल." आजींना दवाखान्यासाठी पैसे हवे होते. त्या म्हणाल्या, दे बाबा जे असतील ते. मुदतीआधी मोडल्याचं व्याज कापून पैसे हातात दिले गेले. दोन दिवसांनी त्यांचा नातू ती पावती घेऊन मॅनेजर साहेबांसमोर उभा राहिला, आणि अर्ध्या तासात साहेबांचा फोन माझ्या साहेबांना.

मी डेटाबेस उघडून बघितलं. ठेवीची तारीख ३ मे २०२१, मुदत १२ महिने, संपायची तारीख ३ मे २०२२. सगळं आपापसात जुळतंय. चुकीचं असं काहीच दिसत नाही. हीच तर खरी भीतीची गोष्ट होती.

आता हे झालं कसं ते सांगतो. जुन्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही फाईल निघाली होती. त्यात तारखा `05/03/2021` अशा, आधी दिवस मग महिना, आपण शाळेत लिहितो तशा. सीएसव्ही म्हणजे नुसती अक्षरं. ही तारीख आहे असं त्या फाईलला स्वतःला काही माहीत नसतं. मग कुणीतरी नावं नीट करायला ती फाईल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. त्या कॉम्प्युटरवर विंडोजचं रिजन अमेरिकेचं होतं, कारण विंडोज टाकताना नेक्स्ट, नेक्स्ट केलं की पुष्कळदा तेच राहतं. अमेरिकेत आधी महिना लिहितात. त्यामुळे एक्सेलने `05/03/2021` वाचलं आणि त्याची ३ मे करून टाकली. विचारलंसुद्धा नाही.

आत काय होतं बघा. एक्सेल तारीख ही तारीख म्हणून ठेवतच नाही, दिवसांचा एक क्रमांक म्हणून ठेवतं. ५ मार्च २०२१ चा क्रमांक ४४२६०. ३ मे चा ४४३१९. सेव्ह केल्यावर फाईलमध्ये ४४३१९ हा आकडा राहतो, आणि मूळ मजकूर कायमचा जातो. पण स्क्रीनवर तो आकडा अमेरिकन पद्धतीने `5/3/2021` असाच दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, बरोबर आहे की! फक्त शून्यं उडालीत.

आता दुसरी ओळ घ्या, `15/03/2021`. पंधरावा महिना नसतो. तेव्हा एक्सेल ती तारीख मानत नाही, जशी आहे तशी मजकूर म्हणून सोडून देतं. म्हणजे एकाच कॉलममध्ये दोन जाती तयार होतात. बाराच्या आतल्या दिवसांच्या तारखा उलटून खऱ्या तारखा झालेल्या, सेलमध्ये उजवीकडे चिकटलेल्या. तेराच्या पुढच्या मजकूरच राहिलेल्या, डावीकडे चिकटलेल्या. तुमच्या एखाद्या शीटमध्ये तारखांचा कॉलम असा अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे दिसला तर तिथेच थांबा.

मी थांबलो नाही. माझा इम्पोर्टचा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला तेव्हा तो अडकला होता, कारण काही सेलमधून मजकूर येत होता आणि काहींमधून तयार तारीख. मी काय केलं? हे:

```python
if isinstance(v, datetime):
    d = v.date()
else:
    d = datetime.strptime(v, "%d/%m/%Y").date()
```

तारीख असेल तर तशीच घे, मजकूर असेल तर आपल्या पद्धतीने वाच. दिसायला किती समजूतदार कोड आहे! पण एरर ओरडून सांगत होती की कॉलममध्ये दोन जाती आहेत, आणि मी तिचं तोंड बंद केलं. वरच्या फांदीतून आलेली जवळजवळ प्रत्येक तारीख उलटलेली होती. खालच्या फांदीतली प्रत्येक बरोबर.

हिशोब करून बघू. वर्षात ज्यांचा दिवस बारा किंवा कमी आहे अशा तारखा १२ गुणिले १२, म्हणजे १४४. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा बारा तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. ३६५ पैकी १३२, म्हणजे शंभरातल्या छत्तीस ओळी बिघडतात आणि चौसष्ट ठीक राहतात. बहुसंख्य ओळी बरोबर असल्यामुळे सहज चार-पाच पावत्या तपासल्या तर सगळं छान आहे असंही वाटू शकतं.

मग माझ्या टीम लीडने पहिला उपाय सुचवला, ज्यांचा दिवस बाराच्या आत आहे त्या सगळ्या परत उलटव, पाच मिनिटांचं काम. मीही तेच करणार होतो. पण आधी संस्थेतल्या मॅडमना फोन केला, ज्या ठेवींचं टेबल सांभाळतात. त्या सहज म्हणाल्या, "अहो, सहा महिन्यांच्या ठेवी तर तुमच्या सॉफ्टवेअरने सुरुवातीलाच चुकवल्या होत्या. त्या मी हाताने केल्या नीट."

मी गार. म्हणजे टेबलमध्ये आता तीन प्रकार होते: कधीच न बिघडलेल्या ओळी, बिघडलेल्या, आणि बिघडून मॅडमनी दुरुस्त केलेल्या. सगळ्या उलटवल्या असत्या तर मॅडमची मेहनत मी परत बिघडवली असती. आणि कोणत्या ओळी कुणी बदलल्या याची नोंद आमच्या त्या वेळच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

पण मॅडमना फक्त सहा महिन्यांच्याच का दिसल्या? हे मला फार आवडलेलं कोडं आहे. ९ मार्च २०२१ ची सहा महिन्यांची ठेव ९ सप्टेंबरला संपते. दोन्ही तारखा उलटल्या की ३ सप्टेंबरला सुरू आणि ९ सप्टेंबरला समाप्त. सहा महिन्यांची ठेव सहा दिवसांत! ती कुणालाही खटकते. पण बारा महिन्यांची ठेव, ५ मार्च ते ५ मार्च, उलटली की ३ मे ते ३ मे होते. दोन्ही टोकं सारखीच सरकतात, मुदत बरोबर बाराच महिने राहते. चोवीस, छत्तीस महिन्यांचंही तेच. आणि त्यांच्या बहुतेक ठेवी बारा किंवा चोवीस महिन्यांच्याच होत्या. म्हणून मुदतीशी ताळा घेऊन त्या सापडणं शक्यच नव्हतं. नऊ महिने त्या शांत बसून राहिल्या.

मूळ सीएसव्ही मिळाली असती तर हा एपिसोडच झाला नसता. पण जुना कॉम्प्युटर विकलेला, पेन ड्राइव्ह फॉरमॅट केलेला, आणि माझ्या लॅपटॉपवरची एक्सेल मी "काम झालं" म्हणून उडवलेली. माझ्याकडे फक्त बिघडलेलं टेबल.

आधी संशयित वेगळे केले. दिवस तेरा किंवा जास्त असेल ती ओळ निर्दोष, कारण उलटलेल्या तारखेचा दिवस म्हणजे मूळ महिना, आणि तो बाराच्या वर जाऊच शकत नाही. अशा १,७३१ ओळी. दिवस आणि महिना सारखा असेल तर फरकच पडत नाही, त्या ८८. उरल्या १,०२१. यातल्या कोणत्या बिघडलेल्या?

पहिली खूण म्हणजे भविष्य. ९ जूनला इम्पोर्ट केलेल्या ठेवीची तारीख ९ जूननंतरची असूच शकत नाही. अशा ५३ निघाल्या. एवढी एक अट मी इम्पोर्टमध्ये घातली असती तर त्याच दिवशी सगळं कळलं असतं, पण असो.

दुसरी खूण म्हणजे रविवार. ही संस्था रविवारी बंद असते. मग रविवारी ठेव कोण ठेवणार? पोस्टग्रेसमध्ये आठवड्याचा वार असा काढतात, रविवार म्हणजे शून्य:

```sql
SELECT COUNT(*) FROM deposits
WHERE EXTRACT(DOW FROM start_date) = 0
  AND EXTRACT(DAY FROM start_date) <= 12;
```

उत्तर आलं १२७. आणि तेराच्या पुढच्या १,७३१ ओळींमध्ये रविवार किती? शून्य. हा फरक बघितला तेव्हा माझी खात्री पटली. उदाहरण सांगतो. २ सप्टेंबर २०२० ला बुधवार होता. उलटवलं की ९ फेब्रुवारी २०२० होते आणि तो रविवार. ५ जानेवारी उलटली की १ मे, महाराष्ट्र दिन, सुट्टी. १० फेब्रुवारीची २ ऑक्टोबर, गांधी जयंती. टेबलमध्ये गांधी जयंतीला ठेवलेल्या ठेवी होत्या, बोला!

रविवारचा अजून एक फायदा आहे. उलटलेली तारीख साधारण कुठल्याही वारी पडते, म्हणून बिघडलेल्यांपैकी अंदाजे सातव्या हिश्शाच्या ओळी रविवारी येणार. १२७ गुणिले ७, म्हणजे ८८९. बिघडलेल्या ओळी नऊशेच्या आसपास असाव्यात, हा अंदाज मी वहीत लिहून ठेवला. तो पुढे कामाला आला.

पण रविवारने सगळ्या सापडत नाहीत. आजींची ३ मे २०२१ सोमवारची आहे. काही जोड्या तर अशा आहेत की उलटवल्या तरी वार बदलतच नाही. ९ मे आणि ५ सप्टेंबर कुठल्याही वर्षी एकाच वारी येतात. ११ जुलै आणि ७ नोव्हेंबरही. मोबाईलमध्ये कॅलेंडर उघडून बघा, गंमत वाटेल.

मग खरं काम केलं ते पावती नंबरने. पावतीपुस्तकात नंबर ओळीने येतात, आजची पावती कालच्या नंतरचीच. आणि आपल्याकडे प्रत्येक महिन्याच्या तेरा तारखेनंतरच्या निर्दोष पावत्या आहेत. त्यांना खुंट्या समजा. दोन खुंट्यांच्या मधल्या नंबरची तारीख त्या दोघींच्या मधलीच असली पाहिजे. आजींच्या आसपासच्या पावत्या बघा:

```
2214   27-02-2021   (खुंटी)
2215   03-01-2021
2216   03-03-2021
2217   03-05-2021
2218   03-09-2021
2219   15-03-2021   (खुंटी)
```

इथे सगळ्या तारखा दिवस-महिना-वर्ष अशा वाचा. २२१४ आहे २७ फेब्रुवारीची, २२१९ आहे १५ मार्चची. मधल्या चारही याच्यातच बसायला हव्यात. २२१५ म्हणते ३ जानेवारी, म्हणजे आधीच्या पावतीच्याही आधी, शिवाय तो रविवार. उलटवली की १ मार्च, बसली. २२१६ ची ३ मार्च, तिला काही झालंच नाही. २२१८ म्हणते ३ सप्टेंबर, जी इम्पोर्टच्या वेळी उजाडलीच नव्हती. उलटवली की ९ मार्च. आणि २२१७, आपल्या आजी. ३ मे भविष्यातली नाही, रविवार नाही, मुदतही जुळते. पण २७ फेब्रुवारी आणि १५ मार्चच्या मध्ये ३ मे बसत नाही, ५ मार्च बसते. फक्त शेजारच्या पावत्यांनीच ती पकडली.

कोडमध्ये एवढंच. `lo` आणि `hi` म्हणजे दोन्हीकडच्या खुंट्या:

```python
def pick(d, lo, hi):
    s = d.replace(day=d.month, month=d.day)
    a = lo <= d <= hi
    b = lo <= s <= hi
    if a and not b: return d
    if b and not a: return s
    return None
```

आहे ती तारीख एकटीच बसली तर ती बरोबर, उलटी एकटीच बसली तर उलटी. दोन्ही बसल्या किंवा एकही बसली नाही तर प्रोग्रॅमने हात वर करायचे, अंदाज बांधायचा नाही. आणि याने मॅडमनी दुरुस्त केलेल्या ओळी आपोआप वाचल्या, कारण त्या आहेत तशाच बसतात.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा मात्र भलतंच घडलं. पाव ओळी "कुठेच बसत नाही" म्हणून परत आल्या. कारण नूतनीकरण. मुदत संपल्यावर ठेवीदार महिन्याने येतो, ठेव पुढे चालू करतो. नवीन नंबरची पावती आज फाटते, पण तारीख मागची, मुदत संपली त्या दिवसाची पडते. असली पावती खुंटी म्हणून धरली की आसपासच्या सगळ्या ओळी वेड्यावाकड्या. मॅडमनी सांगेपर्यंत मला हे माहीतच नव्हतं. मग नूतनीकरणाच्या पावत्या खुंट्यांमधून काढल्या, आणि त्यांची स्वतःची तारीख जुन्या ठेवीच्या मुदतीवरून ठरवली. जुनी ठेव आधी दुरुस्त, मग तिची पुढची.

दुसरी अडचण २०२० च्या लॉकडाऊनची. त्या दिवसांत ठेवी अगदीच तुरळक. एकीकडची खुंटी २० मार्चला आणि पुढची थेट १५ जूनला. मधल्या एका ओळीत ४ जून. उलटवली तर ६ एप्रिल. दोन्ही मध्ये बसतात, एक गुरुवार आणि एक सोमवार, रविवार एकही नाही. दुसऱ्या एका ओळीत ४ मे होती, उलटी ५ एप्रिल. तीही दोन्हीकडून बसत होती, पण २०२० ची ५ एप्रिल रविवार होती, म्हणून ती सुटली. पहिली नाही सुटली.

शेवटी १,०२१ पैकी ८४२ उलटलेल्या निघाल्या, ११८ आहेत तशाच बरोबर, त्यातल्या बहुतेक मॅडमच्या, आणि ६१ अनिर्णित. त्या ६१ साठी दुसरा उपायच नव्हता. मी एसटी पकडून गेलो, मॅडमनी कपाटातून ठेवींचं रजिस्टर काढलं, आणि आम्ही दोघांनी एकेक नोंद बघितली. त्यातल्या ४१ उलटलेल्या निघाल्या. म्हणजे एकूण ८८३. रविवारवरून काढलेला अंदाज होता ८८९. वहीतला तो आकडा मी मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण वीस-पंचवीस पावत्या अजून टिकमार्क करा, मग मी सही करते." आम्ही दुरुस्त ठरवलेल्यांतल्या पंचवीस रजिस्टरशी ताडल्या. सगळ्या जुळल्या. मग सही.

दुरुस्ती करताना जुनी तारीख मी पुसली नाही, वेगळ्या कॉलममध्ये ठेवली, आणि प्रत्येक ओळीपुढे ती कशी ठरवली ते लिहिलं: खुंटी, नूतनीकरण की रजिस्टर. मुदत संपायची तारीख उलटवण्याच्या भानगडीत पडलोच नाही, ती ठेवीची तारीख आणि महिने यांवरून नव्याने काढली. मग ज्या ठेवी या नऊ महिन्यांत चुकीच्या तारखेवर बंद झाल्या होत्या त्यांची यादी केली. एकूण २३ निघाल्या. चौदा जणांना कमी पैसे गेले होते, नऊ जणांना जास्त. कमी गेलेल्यांना फरक दिला. जास्त गेलेल्यांकडून मागायचा नाही असं संस्थेने ठरवलं आणि ते बिल आमच्या कंपनीला लावलं. बरोबरच केलं.

आता मी सीएसव्ही कधीच डबल क्लिकने उघडत नाही. एक्सेलमध्ये डेटा टॅबवरून फाईल आत घेतो आणि तारखेच्या कॉलमची जात टेक्स्ट ठेवतो. आणि माझा इम्पोर्ट प्रोग्रॅम आता एका कॉलममध्ये दोन जाती दिसल्या की सरळ थांबतो. पायथॉनमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पांडाजच्या २.० च्या आधीच्या आवृत्त्या हाच गोंधळ एक्सेलशिवायही करतात. `to_datetime` ला फॉरमॅट दिला नाही तर `05/03/2021` ची ३ मे आणि `15/03/2021` ची १५ मार्च, एकाच कॉलममध्ये. २.० पासून ते पहिल्या ओळीवरून एकच फॉरमॅट धरतं आणि पुढे न जुळणारी ओळ आली की एरर देतं. तरी `format="%d/%m/%Y"` स्वतः लिहाच. पहिल्या ओळीने चुकीचा फॉरमॅट धरला आणि फाईल छोटी असली तर एररही येणार नाही.

आजींचा फरक घेऊन मॅनेजर साहेब स्वतः त्यांच्या घरी गेले, मलाही सोबत नेलं. आजींनी पावती नीट घडी घालून ठेवली होती, ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "हे बघ बाळा, इथे लिहिलंय ना पाच तीन." मी म्हटलं, हो आजी, पाच मार्चच.